ताप उतरला, बोट ठणकतच राहिलं

परसातल्या लिंबाला यंदा फळ चांगलं धरलं होतं. रविवारी सकाळी सरबतापुरती चारपाच लिंबं काढावीत म्हणून फांदीत हात घातला आणि उजव्या तर्जनीच्या टोकाला काटा रुतला. ओढून टाकला, बोट नळाखाली धरलं, सरबत केलं आणि विसरूनही गेले. काट्याचं टोक आतच मोडून राहिलंय हे तेव्हा कळलं नाही.

दुपारपर्यंत बोटाचा शेंडा लाल झाला, जरा फुगला. संध्याकाळी भाजी चिरायला बसले तर सुरीची मूठ नुसती टेकली तरी कळ मस्तकात जाई. दुसऱ्या दिवशी ठणका सुरू झाला, अगदी नाडीच्या ठोक्याबरोबर. रात्री हुडहुडी भरली. दोन चादरी घेतल्या तरी दात वाजत होते. थर्मामीटर लावला तर १०१.५. काखेत अवधाणही आलेलं. पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तासाभरात दरदरून घाम फुटला आणि पारा ९९ वर आला.

"उतरला की ताप. आता झोप निवांत," हे म्हणाले.

झोप कुठली? ताप उतरला होता, पण बोट होतं तसंच होतं. लाल, टणक, उजेडात चकाकणारं. सकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या. "अगं, सूज आहे ना? मग आमच्याकडं अंगावर पित्त उठल्यावर घ्यायची गोळी आहे, ती घे. मागे माझा ओठ हा एवढा सुजला होता, तासात उतरला."

मी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवते. शोथ, म्हणजे आपण ज्याला दाह किंवा सूज म्हणतो तो प्रकार, हा आमच्या विषयाचा दुसरातिसरा धडा. सूज कशाने येते, दुखतं कशाने, ताप कशाने येतो, हे तोंडी परीक्षेला वर्षानुवर्षं विचारत आले आहे. बहुतेक मुलं एका दमात दहाबारा रसायनांची नावं म्हणतात आणि कुणाचं काम कुठलं, असं विचारलं की गप्प होतात. त्या सकाळी ह्यांच्या आणि काकूंच्या बोलण्यात तीच गफलत होती. सूज, ठणका आणि ताप एका काट्यातून निघाले म्हणून ते एकाच्याच हातचे, असं आपण धरून चालतो. तसं नाही. तिघांचे कर्ते वेगळे आहेत, म्हणून तर एका गोळीने ताप पळतो आणि सूज जागची हलत नाही.

आधी सुजेचं बघू. ती दिसते सर्वांना, पण ती म्हणजे नेमकं काय हे फारसं कुणी विचारत नाही.

एक प्रयोग घरी करता येतो. पट्टीची बोथट कड मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर जरा दाबून ओढा. काही सेकंदांत तिथे लाल रेघ उमटते. थोड्या वेळाने रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट लाली पसरते. ज्यांची त्वचा हळवी असते त्यांना तीनचार मिनिटांत रेघेच्याच जागी गांध उठते, पित्ताच्या गांधीसारखी. लंडनच्या थॉमस लुईस यांनी या तीन पायऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्वचा दुखावली की तिच्यातून हिस्टामिनसारखंच काहीतरी सुटत असावं, असा त्यांचा तर्क होता, आणि तो बरोबर निघाला. मधली पायरी, म्हणजे बाजूला पसरणारी लाली, मात्र मज्जातंतू शाबूत असेल तरच उमटते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यातले बारीक तंतू मेलेले असतात, म्हणून तिथे हिस्टामिन टोचलं तरी ती लाली पसरत नाही. आमच्या आधीच्या पिढीतले डॉक्टर निदानासाठी या खुणेचा उपयोग करत.

हिस्टामिन साठवलेलं असतं मास्ट पेशींत. पाउल एर्लिख नावाच्या जर्मन तरुणाने १८७८ साली विद्यार्थिदशेतच या पेशी रंगवून दाखवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसतात, म्हणून त्याला त्या खाऊन फुगल्यासारख्या वाटल्या आणि त्यांना नावही तसंच मिळालं. या पेशी बसतात नेमक्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या कडेला. काटा घुसला, की त्यांतले दाणे मिनिटाच्या आत बाहेर सांडतात. हिस्टामिन तयारच असल्यामुळे बनवण्यात वेळ जात नाही.

ते दोन कामं करतं. रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, त्यामुळे त्या जागी रक्त जास्त येतं आणि बोट लाल, गरम होतं. दुसरं काम सुजेचं. रक्तवाहिनीला आतून एकेरी पेशींचं अस्तर असतं, फरश्या कडेला कड लावून बसवाव्यात तसं. हिस्टामिन लागलं की या पेशी जराशा आखडतात आणि दोन फरश्यांमध्ये फट पडते. फटीतून पाणी तर जातंच, पण एरवी रक्तातच राहणारी प्रथिनंही बाहेर पडतात. खरी मेख इथे आहे. नुसतं पाणी गेलं असतं तर बरंचसं परत आलं असतं. बाहेर गेलेली प्रथिनं पाणी तिथेच धरून ठेवतात आणि जागा फुगते.

ही गळती केशवाहिन्यांतून होत असेल असंच बरीच वर्षं मानत. त्या सगळ्यांत नाजूक म्हणून. न्यूयॉर्कमध्ये गिदो मायनो आणि जॉर्ज पालादे यांनी १९६१ साली उंदरांच्या रक्तात अतिसूक्ष्म काळे कण सोडले आणि बारीक स्नायूजवळ हिस्टामिन टोचलं. गळती होईल तिथे कण अडकून काळा डाग पडणार. डाग केशवाहिन्यांवर पडलेच नाहीत. ते पडले त्यांच्या पुढच्या, रक्त परत नेणाऱ्या बारीक नीलिकांवर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशींमधल्या फटी आणि त्यांत अडकलेले कणही दिसले. कुठली नळी गळते, हे पाहायला नळी फोडावी लागत नाही, रंग सोडला की पुरतं. आपला प्लंबरही तेच करतो.

आता काकूंच्या गोळीकडे. ती हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. अंगावर पित्त उठतं तेव्हा ठिकठिकाणच्या मास्ट पेशी हिस्टामिन सांडत असतात, म्हणून तिथे ही गोळी झकास काम करते. काट्याच्या बोटात हिस्टामिनचा अंमल सुरुवातीचा पाव किंवा अर्धा तास असतो. नंतर त्या फटी मिटतात. मी रविवारी सरबत ढवळत होते तेव्हा ही गोळी घेतली असती, तर कदाचित पहिली फुगवटी जरा कमी झाली असती. मंगळवारी सकाळी तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या बोटातली गळती तोवर दुसऱ्यांनी हाती घेतली होती. काट्याबरोबर जंतू गेले होते, आणि जंतू असेपर्यंत नवनवी रसायनं तयार होत राहतात.

त्यांतलं एक फार मजेशीर आहे, कारण ते कुठल्याही पेशीत साठवलेलं नसतं. त्याचा कच्चा माल यकृतात बनतो आणि रक्तात सतत फिरत असतो. रक्तद्रव वाहिनीबाहेर दुखावलेल्या मांसात पाझरला की त्या लांब प्रथिनाचा एक तुकडा कातरला जातो. नऊच अमिनो आम्लांचा हा तुकडा म्हणजे ब्रॅडिकायनिन. त्याचा शोध लागला सापामुळे. ब्राझीलमध्ये १९४९ साली मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी तिथल्या जराराका नावाच्या विषारी सापाचं विष रक्तद्रवात मिसळून बघत होते. त्यातून असं काही तयार झालं की प्राण्याच्या आतड्याची पट्टी त्यात हळूहळू आखडे आणि रक्तदाब घसरे. 'ब्रॅडी' म्हणजे मंद, ते या सावकाश आखडण्यावरून. ब्रॅडिकायनिन नीलिकांच्या फटी उघडतं, म्हणजे सूज आणतं, आणि मज्जातंतूंच्या टोकांना डिवचून थेट दुखवतंसुद्धा. सूज आणि ठणका दोन्हींत त्याचा हात असतो.

मात्र त्याचं आयुष्य काही सेकंदांचं. शरीरातलं एक एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं. तेच एन्झाइम रक्तदाब वाढवणारं दुसरं रसायन तयार करतं, म्हणून त्याला अडवणाऱ्या गोळ्या रक्तदाबावर दिल्या जातात. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, अशा 'प्रिल' शेवटी असलेल्या. या गोळ्यांनी काहींना सुका खोकला लागतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. फार थोड्यांना, पण कधी गोळी सुरू करून महिने लोटल्यावरही, ओठ किंवा जीभ सुजते. तिथे कर्तं असतं न मोडलेलं ब्रॅडिकायनिन, हिस्टामिन नव्हे. अंगाला खाज नसते, गांध नसते, आणि पित्तावरची गोळी तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. जीभ सुजून श्वास अडण्याचा धोका असतो, म्हणून थेट दवाखाना गाठायचा आणि ती गोळी पुन्हा घ्यायची नाही.

मी काकूंना विचारलं, "तुमचा ओठ सुजला तेव्हा बीपीची गोळी कुठली चालू होती?" त्यांनी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. त्यात प्रिल नव्हतं. ओठ सुजायच्या आधी त्यांनी लग्नात कोळंबी खाल्ली होती आणि अंगभर खाजही सुटली होती. म्हणजे हिस्टामिनच. काकूंची गोळी काकूंच्या ओठाला बरोबर लागू पडली होती, माझ्या बोटाला पडणार नव्हती.

आता दुखणं. ते एकच आहे असं वाटतं, पण त्या तीन दिवसांत माझं बोट तीन तऱ्हांनी दुखलं.

पहिली कळ काटा रुतला त्या क्षणीची. ती मज्जातंतूची सरळ तार, तिला कुठलंही रसायन लागत नाही. हात आपोआप मागे येतो आणि काही सेकंदांत ती विरते.

दुसरं दुखणं संध्याकाळचं. सुरीची मूठ रोजच बोटाला लागते आणि रोज काही होत नाही. त्या दिवशी तोच स्पर्श असह्य झाला. मूठ तीच होती, तंतू बदलला होता. तो हळवा केला प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रसायनाने. ते साठवलेलं नसतं. पेशीच्या आवरणातल्या चरबीपासून सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ते घडवतं, आणि दुखावलेल्या जागी त्या एन्झाइमची नवी कुमक तयार व्हायला काही तास जातात. म्हणून हा हळवेपणा सकाळी नव्हता, संध्याकाळी आला. याच रोशा ए सिल्वांच्या पठडीतले सर्जियो फेरेरा यांनी १९७२ साली माणसांच्या त्वचेखाली प्रोस्टाग्लँडिन अगदी थोडं, थेंबथेंब सोडून पाहिलं. नुसत्या त्याने विशेष दुखलं नाही. पण त्याने भिजलेल्या जागी ब्रॅडिकायनिन किंवा हिस्टामिन सोडलं की मात्र चांगलंच दुखे. ब्रॅडिकायनिन बोचकारतं, प्रोस्टाग्लँडिन कातडी सोलून ठेवतं, असं मी वर्गात सांगते. उपमा जरा रांगडी आहे, पण मुलांच्या लक्षात राहते.

त्याआधीच्या वर्षी, १९७१ मध्ये, जॉन व्हेन यांनी दाखवलं होतं की अॅस्पिरिन नेमकं हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतं. अॅस्पिरिन तेव्हा सत्तर वर्षं बाजारात होतं आणि ते काम कसं करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हेन यांना १९८२ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही त्याच वाटेची औषधं. ती बोटातलं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, तंतूचा हळवेपणा उतरतो, वाहिन्या कमी सैलावल्यामुळे लाली आणि सूजही थोडी ओसरते. आधीच बनून सांडलेलं हिस्टामिन किंवा ब्रॅडिकायनिन यांना ती हात लावत नाहीत. पॅरासिटामॉलचं आणखी वेगळं. तेही प्रोस्टाग्लँडिनच कमी करतं, पण मेंदूत. सुजलेल्या, पेशींनी खच्चून भरलेल्या जागी त्याचा जोर चालत नाही. माझ्या बोटाने त्या रात्री तेच दाखवलं.

तिसरं दुखणं म्हणजे ठणका, आणि त्याचं कारण समजायला आत कोण येऊन बसलं होतं ते पाहावं लागेल.

इथे काट्याची दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. समुद्रातल्या तारामाशाची पिल्लं पाण्यासारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी तो पाहत होता. त्याच्या मनात आलं, या पेशी जर रक्षक असतील तर अंगात घुसलेल्या काट्याभोवती त्या गोळा व्हायला हव्यात. बागेतून त्याने गुलाबाचे काटे आणले, पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले, आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी काट्याभोवती पेशींची गर्दी होती. तारामाशाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे हे काम रक्तवाहिन्यांहूनही जुनं. या कामासाठी त्याला १९०८ साली एर्लिखबरोबर नोबेल मिळालं.

माझ्या बोटात पहिल्या दिवशी जमलेल्या या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. एरवी त्या रक्ताच्या धारेतून सुसाट वाहत असतात. काटा रुतल्यावर तिथल्या मॅक्रोफेज पेशींनी सोडलेल्या संदेशांमुळे नीलिकेचं अस्तर चिकट होतं. न्यूट्रोफिल त्यावर आधी अडखळत गडगडतात, मग घट्ट चिकटतात, मग दोन फरश्यांमधून अंग चोरून बाहेर पडतात आणि वासावर चालत काट्यापाशी पोचतात. हा ओघ पहिले सहा ते चोवीस तास जोरात असतो. दोनेक दिवसांनी त्यांची जागा मॅक्रोफेज घेऊ लागतात, पण जंतू तगून असतील तर न्यूट्रोफिल येतच राहतात. सोमवारी रात्री केलेल्या माझ्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी १४ हजार होत्या. एरवी त्या ४ ते ११ हजारांत असतात.

न्यूट्रोफिल जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिलचा चिखल म्हणजे पू. त्याला येणारी हिरवट झाक त्यांच्यातल्याच एका एन्झाइमची. सुश्रुताने व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. आपण आजही बोट पिकलं असंच म्हणतो. शब्द चपखल आहे, कारण न्यूट्रोफिलचे पाचक रस आजूबाजूचं मांसही विरघळवतात. शत्रू मारताना घरही थोडं जळतं.

बोटाच्या शेंड्याची रचना इथे आडवी येते. कातडीपासून हाडापर्यंत तंतूंचे आडवेउभे पडदे असतात आणि मधे बारीक बंद खोल्या. पाठीवरच्या फोडाला फुगायला जागा असते, बोटाच्या शेंड्याला नसते. पाझरलेलं पाणी, पू आणि येत राहिलेलं रक्त सगळं त्या खोल्यांत कोंडतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला आतला दाब वाढतो आणि आधीच हळवे झालेले तंतू ताणले जातात. तोच ठणका. हात डोक्याच्या वर उचलून धरला की तो जरा कमी होतो आणि खाली सोडला की वाढतो, एवढी खूण पुरेशी आहे. या दुखण्यावर कुठल्याही रसायनावरची गोळी पुरी पडत नाही. कोंडलेल्याला वाट द्यावी लागते.

आता राहिला ताप. तो बोटात नसतोच. बोट गरम लागतं ते जास्त रक्त आल्यामुळे. ताप म्हणजे सगळ्या अंगाचं तापमान वाढणं, आणि ते ठरतं मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये.

जंतूंच्या विषानेच ताप येतो, अशी जुनी समजूत होती. अमेरिकेत पॉल बीसन यांनी १९४८ साली सशांच्या पांढऱ्या पेशींमधूनच एक पदार्थ काढला. तो दुसऱ्या सशाला टोचला तर जंतूंशिवाय ताप आला. ताप आणणारं द्रव्य आपलंच शरीर बनवतं, हे तिथे उघड झालं. पुढे त्याची ओळख पटली. मॅक्रोफेज आणि इतर पेशी सोडत असलेले इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे ते निरोप. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातात. पण हायपोथॅलॅमसला ते स्वतः सांगत नाहीत. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवून घेतात, आणि ते सांगतं, अंग आता ९८.६ वर नको, १०२ वर हवं.

बोटातल्या तंतूला हळवं करणारं रसायन हेच. एकच पदार्थ, बोटात बनला की दुखवतो आणि मेंदूत बनला की ताप आणतो. विद्यार्थी चुकतात ते इथे. ताप कशाने, तर इंटरल्युकिनने, हे निम्मं उत्तर. शेवटची कळ प्रोस्टाग्लँडिन फिरवतं, म्हणून तर ते रोखणारी गोळी ताप उतरवते.

हुडहुडीचाही उलगडा यातच आहे. मेंदूने १०२ मागितले, अंग मात्र अजून ९९ वर. म्हणजे मेंदूच्या लेखी आपण गारठलो आहोत. कातडीतल्या वाहिन्या आवळतात, हातपाय थंड पडतात, स्नायू थरथरून ऊब तयार करतात आणि आपण चादर शोधतो. ताप चढताना थंडी वाजते ती अशी. गोळीने मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की मागणी पुन्हा ९८.६ वर येते, अंग जास्त गरम ठरतं, वाहिन्या सैलावतात आणि घाम सुटतो. ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून जे पाहिलं ते एवढंच होतं. बोटातले जंतू, त्यांच्यावर तुटून पडलेल्या पेशी, रक्तात फिरणारं इंटरल्युकिन, सगळं जिथल्या तिथे होतं. मेंदूने ऐकणं तेवढं थांबवलं होतं.

मंगळवारी दुपारी सर्जन मित्राकडे गेले. "दोन दिवस काय करत होतीस? शिकवत होतीस?" एवढंच तो म्हणाला. बोट बधिर करून त्याने बाजूने छेद घेतला, चमचाभर पू निघाला आणि त्याबरोबर तांदळाच्या कणीएवढं काट्याचं टोक. भूल उतरली तरी ठणका परतला नाही. जंतूंवरच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या, तापाची गोळी पुन्हा लागली नाही. सूज पुरती उतरायला मात्र आठवडा गेला, कारण पाझरलेली प्रथिनं रसवाहिन्यांतून सावकाशच परत जातात.

माझ्या बोटातली गळती फार तर चमचा दोन चमच्यांची. हीच गळती सगळ्या अंगात झाली तर काय होतं, हे आपण दर पावसाळ्यानंतर डेंग्यूत पाहतो. तिथेही ताप आणि गळती वेगवेगळ्या वाटेने चालतात, आणि तिथे ही गफलत जिवावर बेतते.

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस असतो. वाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागतो त्याच सुमारास, आणि तो चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकतो. द्रव छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत साचतो, त्यामुळे बाहेरून सूज दिसतही नाही. घरचे म्हणतात ताप गेला, आणि आत नाडी बारीक होत असते. आपल्याकडे नातेवाईक रोज विचारतात ते प्लेटलेट किती झाल्या. गळतीचा सुगावा मात्र त्याच कागदावरच्या हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या आकड्यात लागतो. द्रव बाहेर गेला की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. आधीच्यापेक्षा तो पाचव्या हिश्शाने वाढला असेल तर गळती चांगलीच सुरू आहे असं समजायचं. डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण ते ताप उतरवतं, गळती नाही.

तेव्हा घरात डेंग्यूचा रुग्ण असेल आणि ताप उतरला असेल, तर पुढचे दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पोटात खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गुंगी किंवा अस्वस्थपणा, यांतलं एक जरी दिसलं तरी थर्मामीटर बाजूला ठेवून रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या.